जाड भिंतींच्या घरात वाय-फाय : एक्स्टेंडर घ्यावा की मेश?



घरोघरी जाऊन इंटरनेटची जोडणी नीट करून देणं हे माझं काम. या कामात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आज घेऊन आले आहे. घर दुमजली, भिंती जुन्या आणि जाड, राऊटर खाली पुढच्या खोलीत, आणि वरच्या मागच्या खोलीत नेट पोचत नाही. मग दुकानदार दोन वस्तू दाखवतो. एक म्हणजे एक्स्टेंडर, भिंतीतल्या प्लगमध्ये बसणारी लहानशी डबी, हजार-दोन हजारांची. दुसरी म्हणजे मेश, एकसारख्या दोन किंवा तीन डब्यांचा संच, पाच हजारांपासून पुढे कितीही. ताई, यातलं कुठलं घेऊ?

माझं उत्तर असं, की आधी डबी निवडू नका. आधी हे ठरवा की दुसऱ्या डबीपर्यंत नेट पोचणार कसं. हवेतून, की तारेतून? जाड भिंतींच्या घरात सगळा खेळ या एका प्रश्नावर आहे. कसा, ते एका घराचं उदाहरण घेऊन सांगते.

हे घर वाईकडचं. जुना वाडा, भिंती काळ्या दगडाच्या आणि दोन फूट जाड. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. माजघरातून लाकडी जिना वर जातो आणि वर माडीच्या दोन खोल्या. फायबरची तार पुढच्या दारातून आत आली, म्हणून राऊटर सोप्यावर टीव्हीशेजारी बसवला. आणि घरातली सून पुण्याच्या एका कंपनीचं बिलिंगचं काम करते, ती बसते माडीवरच्या मागच्या खोलीत, बरोबर स्वयंपाकघराच्या डोक्यावर. म्हणजे घरात नेटवर ज्या बाईचा पगार चालतो, ती राऊटरपासून सगळ्यात लांब. दिवसातून तीन-चार वेळा ती मीटिंगमधून बाहेर पडायची. वरिष्ठांनी सांगून टाकलं होतं की असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून ऑफिसला येऊन काम करा. घरात दोन वर्षांचं मूल आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. पुण्याला रोज जाणं-येणं कसं जमावं?

आता आपण तिथं काय काय करून पाहिलं ते ऐका. पण त्याआधी मोजायचं कसं ते समजून घेऊ, कारण मोबाइलवरच्या त्या तीन-चार कांड्या फसव्या असतात.

मोबाइलवर वाय-फाय अॅनालायझर नावाची फुकट अॅप्स मिळतात. त्यात सिग्नल आकड्यात दिसतो आणि आकड्याच्या आधी उणेचं चिन्ह असतं. उणे ४० म्हणजे राऊटर शेजारीच आहे. उणे ६५ पर्यंत काम उत्तम चालतं. उणे ७५ ला व्हिडिओ अडकायला लागतो आणि उणे ८० च्या पुढे सगळं राम भरोसे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हा आकडा दहाने घसरला की सिग्नलची ताकद एक दशांश उरते. उणे ६० वरून उणे ७० म्हणजे थोडंसं कमी झालं असं नाही, दहापट कमी झालं.

या घरात सोप्यावर उणे ४० होतं. माजघरात दार उघडं असताना उणे ६०. जिन्याच्या वरच्या टोकाशी उणे ६४. आणि सूनबाईच्या टेबलापाशी उणे ८३. कनेक्शन १०० एमबीपीएसचं. राऊटरजवळ ९४ मिळत होते आणि टेबलापाशी २, तेही तुटत तुटत.

एवढा फरक का? दोन फुटी दगडी भिंत लहरींना खाते हे तर झालंच. शिवाय लहर जर भिंतीत तिरकी शिरली तर तिला दोन फुटांपेक्षा जास्त दगड पार करावा लागतो. पंचेचाळीस अंशांत शिरली तर जवळजवळ पावणेतीन फूट. खालच्या पुढच्या कोपऱ्यातून वरच्या मागच्या कोपऱ्यात जाणारी लहर अशीच तिरकी दोन भिंती ओलांडते. याउलट वाड्यातली माडी लाकडी तक्तपोशीवर उभी असते. लाकडातून लहर दगडापेक्षा पुष्कळ सहज जाते. म्हणून जुन्या वाड्यात वर-खाली जाणं सोपं आणि आडवं जाणं अवघड. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात मात्र स्लॅबमधल्या सळया वरची वाटही अडवतात. आपल्या घरात वाट कुठं मोकळी आहे, ते एकदा मोबाइल हातात घेऊन खोलीखोलीतून फिरलं की कळतं. जिना, उघडी दारं आणि लाकडी छत, या लहरींच्या वाटा.

आता पहिला प्रयोग. घरच्या मंडळींनी एक्स्टेंडर आणला आणि जिथं नेट हवं तिथंच, म्हणजे सूनबाईच्या टेबलाशेजारी लावला. मोबाइलवर लगेच कांड्या पूर्ण भरल्या, सगळे खूश झाले. पण वेग मोजला तर तोच, २. असं का? कारण मोबाइलच्या कांड्या दाखवतात ते मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यातलं नातं. एक्स्टेंडरला स्वतःला राऊटरकडून किती मिळतंय ते त्या कांड्या दाखवत नाहीत. ज्या जागी मोबाइलला उणे ८३ मिळत होतं, त्या जागी एक्स्टेंडरलाही साधारण तेवढंच मिळणार. त्याच्या विहिरीलाच पाणी नाही, तो वाटणार काय? कांड्या भरलेल्या आणि वेग मात्र नाही असं दिसलं, की समजावं एक्स्टेंडर चुकीच्या जागी लागलाय.

दुसरा प्रयोग. तोच एक्स्टेंडर काढून जिन्याच्या वरच्या टोकाशी लावला. तिथं त्याला उणे ६४ मिळत होतं. तिथून टेबलापर्यंत मध्ये एक दार आणि एक भिंत. आता टेबलापाशी २२ मिळायला लागले. दोनाचे बावीस, म्हणजे नफाच. एक्स्टेंडरची जागा नेहमी ही, राऊटर आणि अडचणीची खोली यांच्या मधोमध, जिथं सिग्नल अजून उणे ६५ च्या आसपास आहे.

पण ९४ मधले बावीसच का उरले? पूर्वी विहिरीवरून घरापर्यंत हंडे पोचवायला बायका ओळीनं उभ्या राहायच्या. मधली बाई एका वेळी एकच करू शकते, मागचीकडून हंडा घ्यायचा किंवा पुढचीला द्यायचा. साधा एक्स्टेंडर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे त्याचा अर्धा वेळ ऐकण्यात जातो आणि अर्धा बोलण्यात. वेग निम्मा होतो तो इथं. त्यात मधल्या भिंतीची घट वेगळीच. दोन पट्ट्यांचे एक्स्टेंडर असतात, ते एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्यावर बोलू शकतात. पण वाय-फायचा जो वेगवान पट्टा आहे, पाच गिगाहर्ट्‌झचा, तोच भिंतीपुढे आधी हार मानतो. २.४ चा पट्टा हळू चालतो, पण भिंतीतून जास्त पार जातो. म्हणून जाड भिंतीपलीकडे बहुतेक वेळा हा एकच पट्टा हाताशी उरतो.

बावीसवर सूनबाईची मीटिंग चालली. पण खाली सासूबाईंनी मोबाइलवर कीर्तन लावलं, दिरानं मोठी फाइल उतरवायला घेतली, की वर आवाज तुटायचा. सरासरी वेग पुरेसा होता, भरवसा नव्हता. आणि नोकरी टिकायची तर भरवसा हवा.

तिसरा प्रयोग मेशचा. घरात दोन डब्यांचा मेश संच एका नातेवाइकांकडून आठ दिवसांसाठी आणला. मेश म्हणजे काय, तर एकमेकींशी बोलणाऱ्या बहिणी. सगळ्यांचं नाव एक, पासवर्ड एक. तुम्ही जिना चढून वर गेलात की त्या आपापसात ठरवून तुमचा मोबाइल खालच्या डबीकडून वरच्या डबीकडे सोपवायला मदत करतात. एक्स्टेंडरमध्ये बहुधा ही समज नसते. मोबाइल खालच्या राऊटरचं बोट धरून वरपर्यंत येतो आणि सिग्नल मरायला टेकला तरी सोडत नाही. मेशमधल्या डब्यांचे रेडिओही बहुतेक एक्स्टेंडरपेक्षा दमदार असतात. हे मेशचे खरे गुण आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण इथं झालं काय? दुसरी डबी टेबलाशेजारी ठेवली तर तिचा दिवा लाल झाला, पहिलीशी बोलणं धड होईना. एक्स्टेंडरची जी गत, तीच हिची. डबी जिन्याच्या टोकाशी आणली तेव्हा दिवा हिरवा झाला आणि टेबलापाशी ३८ मिळाले. बावीसपेक्षा बरं, पण भिंत तीच आणि वाटही तीच. मेशच्या डब्या हवेतूनच बोलत असतील तर दगडाला त्यांच्या किमतीशी काही देणंघेणं नसतं.

दुकानात तीन पट्ट्यांचा, आणखी महाग मेशही दाखवतात. त्यात तिसरा पट्टा फक्त डब्यांनी एकमेकींशी बोलायला राखून ठेवलेला असतो. पातळ भिंतींच्या, ऐसपैस फ्लॅटमध्ये त्याचा मोठा उपयोग होतो. पण तो राखीव पट्टा सहसा वेगवानच असतो, म्हणजे जाड भिंतीपुढे आधी अडणारा. ज्या अडचणीसाठी आपण जास्त पैसे मोजतो, नेमक्या त्याच अडचणीत तो कमी पडतो.

आता चौथा प्रयोग. वीस मीटरची लॅनची तार घेतली. कॅट-सिक्स म्हणून मागायची. राऊटरच्या मागच्या लॅनच्या खाचेतून निघून सोप्याच्या दाराच्या चौकटीवरून माजघरात, तिथून जिन्याच्या कडेनं वर आणि माडीच्या दारातून टेबलापर्यंत. भिंतीला एकही भोक पाडावं लागलं नाही, कारण माणसं जिथून जातात तिथूनच तार नेली. टेबलाशी दोन पट्ट्यांचा साधा राऊटर घेतला, चौदाशे रुपयांचा, आणि तो तारेला जोडून वाय-फाय देणारी दुसरी डबी म्हणून वापरला. तार, पट्ट्या, राऊटर सगळं धरून अडीच हजारांच्या आत बसलं. टेबलापाशी वेग ९३. खाली कीर्तन चालू असो की फाइल उतरत असो, ऐकण्या-बोलण्याची हंडेवाली अडचण उरलीच नाही, कारण मागून येणारं पाणी आता नळानं येत होतं. मेशचा संच परत गेला आणि सूनबाई घरूनच काम करते आहे.

हे तुमच्या घरी करायचं असेल तर चार गोष्टी सांभाळा.

पहिली, दुसऱ्या राऊटरची मांडणी. बऱ्याच नव्या राऊटरमध्ये Access Point असा पर्याय असतो. तो निवडला की काम संपलं. नसेल तर राऊटरच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा. पहिल्या राऊटरचा पत्ता 192.168.1.1 असेल तर दुसऱ्याला 192.168.1.2 द्यायचा, DHCP Server बंद करायचा, आणि खालून आलेली तार वॅनच्या खाचेत न घालता लॅनच्या खाचेत घालायची. DHCP चालू राहिला तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. मग वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण नेट कधी चालतं, कधी नाही. असा लपंडाव दिसला तर आधी इथं पाहा.

दुसरी, नाव आणि चॅनेल. दोन्ही राऊटरना वाय-फायचं नाव आणि पासवर्ड अगदी एकच द्या, म्हणजे मोबाइल आपापला जवळचा राऊटर शोधतो. पण २.४ च्या पट्ट्यावर चॅनेल वेगळी ठेवा, एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११. दोघंही एकाच चॅनेलवर असले तर एकमेकांचं बोलणं संपायची वाट पाहत बसतात. मेशसारखी सफाईदार सोपवासोपवी इथं होत नाही. बोलत बोलत जिना चढलात तर क्षणभर आवाज तुटू शकतो. मोबाइल खालच्याच राऊटरला चिकटून राहिला तर वाय-फाय एकदा बंद करून चालू करा, किंवा खालच्या राऊटरची पॉवर हाय वरून मीडियमवर आणा. टेबलाशी बसून काम करणाऱ्या बाईला याचा त्रास नाही. आणि लॅपटॉपला लॅनची खाच असेल तर तार थेट लॅपटॉपलाच लावा, वाय-फायची भानगडच नको.

तिसरी, तार. पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण ती लवकर तुटते आणि जोडही ढिले पडतात. विजेच्या वायरला चिकटवून समांतर नेऊ नका. शंभर मीटरपर्यंत तार आरामात चालते, घरात तेवढी लागतच नाही. शक्यतो घराच्या आतूनच न्या. बाहेरच्या भिंतीवरून नेली तर ऊन-पाऊस तिचं वेष्टण खातो आणि वीज कडाडली तर दोन्ही डब्या जाऊ शकतात. आणि तुमचा प्लॅन १०० पेक्षा मोठा असेल तर राऊटर घेताना त्याच्या लॅनच्या खाचा गिगाबिट आहेत ना, एवढं विचारा. स्वस्त राऊटरच्या खाचा १०० वरच थांबतात, मग वेग ९४-९५ च्या पुढे जात नाही.

चौथी, वीज. आता डब्या दोन झाल्या. लाइट गेली की खालचा राऊटर इन्व्हर्टरवर चालू आणि वरचा बंद, असं होता कामा नये. वरच्यालाही इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या किंवा राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा. त्याच्यावर लिहिलेले व्होल्ट राऊटरच्या अडॅप्टरवरच्या व्होल्टशी जुळले पाहिजेत, बहुतेक १२ असतात.

मग मेश कुणी घ्यावा? ज्या घरात बोलत-चालत वर-खाली करणारी माणसं जास्त आहेत, डब्या तीन लागणार आहेत आणि दोन राऊटरची मांडणी सांभाळायला कुणी नाही, त्यांनी मेश जरूर घ्यावा. पण मेशलाही तार जोडता येते, आणि जाड भिंतींच्या घरात ती जोडावीच. म्हणून घेताना एकच गोष्ट पाहायची. दुसऱ्या डबीच्या मागे लॅनची खाच आहे का? काही संचांत दुसरी डबी नुसती प्लगमध्ये बसणारी असते, तिला खाचच नसते. तसली जाड भिंतींच्या घरात घेऊ नका.

आणि एक्स्टेंडर? घर भाड्याचं आहे, तार ओढायला मालक नाही म्हणतात, आणि एका खोलीत व्हॉट्सअॅप आणि अधूनमधून व्हिडिओ एवढंच हवंय, तिथं एक्स्टेंडर पुरतो. जागा मात्र मधलीच, जिन्याच्या टोकाची.

यातलं काहीही विकत घेण्याआधी दोन कामं फुकटात होतात. एक, राऊटरच्या अगदी जवळ बसून वेग मोजा. तिथंच कमी येत असेल तर दोष कनेक्शनचा आहे, भिंतीचा नाही, आणि कुठलीच डबी तो दूर करणार नाही. दोन, राऊटरची जागा बदलून पाहा. लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा फ्रिजजवळ असेल तर तो तिथून काढा आणि माजघरात, जिन्याच्या पायथ्याशी, माणसाच्या उंचीवर ठेवा. तारवाल्याला सांगितलं तर फायबर तिथपर्यंत आणून देतो, थोडी जास्त तार लागते इतकंच. काही घरांत एवढ्यानंच काम भागलेलं मी पाहिलं आहे.

राऊटर बसवायला माणूस येतो तेव्हा बहुतेक घरांत तो विचारतो, टीव्ही कुठं आहे? आणि तिथंच बसवून जातो. पुढच्या वेळी त्याला दुसरा प्रश्न विचारायला लावा, की या घरात नेटवर काम कोण करतं आणि ती कुठं बसते? वाटलं तर तिचं टेबलच त्याला आधी दाखवा, आणि मग राऊटरची जागा ठरवा.